जुलैत साठ रुपये, दिवाळीत एकशे चाळीस: गोकुळपेठेतल्या साडीच्या दुकानाच्या जाहिरातीचा हिशोब

नागपुरात गोकुळपेठेत एका ताईंचं साड्यांचं छोटं दुकान आहे. सुती साड्या, टसर आणि आपल्या विदर्भाची करवत काठी, एवढाच मोजका माल. जुलै २०२४ मध्ये त्यांनी करवत काठीचा एक छोटा व्हिडिओ करून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली. रोजचे ३०० रुपये, चौदा दिवस, एकूण ४,२०० रुपये. व्हिडिओवर बोट ठेवलं की दुकानाचं व्हॉट्सॲप उघडायचं. जाहिरात ७०,००० वेळा दिसली.

पुढे १० ते २३ ऑक्टोबरला दिवाळीसाठी त्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. दिवस तेवढेच, पैसे तेवढेच. या वेळी जाहिरात ३०,००० वेळा दिसली. ताई मोबाइल आणि एक वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी लहान दुकानांच्या जाहिराती सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न दर दिवाळीला कोणी ना कोणी घेऊन येतंच. "भाऊ, पैसे तेवढेच, व्हिडिओ तोच. मग दिसणं अर्ध्याच्याही खाली काऊन गेलं? कोणीतरी मधे पैसे खाते का?"

पैसे कोणी खात नव्हतं. पण "महागाई वाढली" असं सांगून त्यांना परत पाठवणंही बरोबर नव्हतं, कारण त्या ३०,००० मध्ये दोन वेगवेगळी कारणं एकमेकांत मिसळली होती. ती वेगळी केल्याशिवाय पुढचे पैसे कुठे लावायचे हे ठरत नव्हतं.

वहीतली बेरीज

ताईंनी वहीत रोजचे दोन आकडे लिहून ठेवले होते, इम्प्रेशन आणि रीच. सुरुवात तिथूनच केली.

इम्प्रेशन म्हणजे जाहिरात कोणाच्या तरी पडद्यावर एकदा येणं. बस, एवढंच. त्या माणसाने व्हिडिओ पूर्ण पाहिला की अंगठ्याने सरकवून टाकला, याचा इथे संबंध नाही. जाहिरात पडद्यावर आली की मोजली गेली. कोणी खाली सरकून लगेच वर आलं आणि तीच जाहिरात पुन्हा डोळ्यापुढे आली, तर ते एकच धरतात. पण सकाळी चहा घेताना दिसली आणि रात्री जेवणानंतर पुन्हा दिसली, तर ती दोन इम्प्रेशन झाली.

रीच म्हणजे किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत जाहिरात पोचली. सकाळी आणि रात्री पाहणारी ती बाई रीचमध्ये एकदाच मोजली जाते. इम्प्रेशनला रीचने भागलं की एका माणसाला सरासरी किती वेळा दिसली ते कळतं. त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. रीचचा आकडा हा कंपनीने काढलेला अंदाज असतो, माणसं एकेक करून मोजलेली नसतात. त्यामुळे त्यात थोडं इकडेतिकडे चालायचंच.

आता वही. ऑक्टोबरच्या प्रत्येक दिवसासमोर रीच साधारण १,६०० असं लिहिलेलं होतं. ताईंनी चौदाही दिवसांची बेरीज केली होती आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं, "२२,००० बायका". त्यांच्या मते एवढ्या बायकांनी साडी पाहिली आणि तरी दुकानात गर्दी नाही, म्हणजे व्हिडिओतच खोट असणार. नवा व्हिडिओ करायला त्या निघाल्याच होत्या.

इम्प्रेशनची रोजची बेरीज करता येते, कारण प्रत्येक दिसणं वेगळं असतं. रीचची बेरीज करता येत नाही. सोमवारी पाहिलेली बाई मंगळवारी पुन्हा पाहते तेव्हा मंगळवारच्या रीचमध्येही ती असतेच, आणि बेरजेत दोनदा येते. ॲड्स मॅनेजर, म्हणजे जिथून जाहिरात लावतात आणि तिचे आकडे पाहतात ते पान, तिथे वरच्या कोपऱ्यात तारखांची पट्टी असते. तिथे १० ते २३ ऑक्टोबर हा पूर्ण काळ एकदम निवडला की खरा रीच दिसतो. ताईंच्या समोर निवडला. आकडा आला ९,४००. इम्प्रेशन ३०,००० आणि माणसं ९,४००, म्हणजे प्रत्येकीला सरासरी ३.२ वेळा. जुलैमध्ये ७०,००० इम्प्रेशन ३१,००० लोकांत वाटली गेली होती, म्हणजे २.३ वेळा.

ताई थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांचं म्हणणं होतं की दिसणं निम्म्यावर आलं. प्रत्यक्षात माणसं तिसऱ्या हिश्शावर आली होती. व्हिडिओ नापसंत पडला की काय हा प्रश्न नंतरचा, तो आधी पुरेशा लोकांपुढे गेलाच नव्हता.

हजारी भाव

इंटरनेटवरच्या जाहिरातीचा भाव बहुतेक वेळा हजार इम्प्रेशनमागे सांगतात. त्यालाच सीपीएम म्हणतात. काढायची रीत अशी:

```
सीपीएम = (झालेला खर्च ÷ इम्प्रेशन) × १०००
```

जुलै: ४,२०० भागिले ७०,०००, गुणिले हजार, म्हणजे ६० रुपये. ऑक्टोबर: ४,२०० भागिले ३०,०००, गुणिले हजार, म्हणजे १४० रुपये. पैशाचं काय झालं याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. कोणी खाल्ले नाहीत, हजार वेळा दिसण्याचा भावच ६० वरून १४० वर गेला होता. बँकेतून गेलेली रक्कम यापेक्षा जास्त असते, कारण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो खर्चाच्या रकान्यात धरलेला नसतो. ४,२०० च्या जाहिरातीला खात्यातून ४,९५६ गेले, हे ताईंचं दुसरं कोडं जाता जाता सुटलं.

पण सीपीएम एकट्याने पूर्ण गोष्ट सांगत नाही. तो दिसण्याचा भाव आहे, माणसाचा नाही. हजार वेगवेगळ्या लोकांपर्यंत पोचायला किती लागले हे बघायचं तर खर्चाला रीचने भागायचं. जुलैत हजार माणसांमागे साधारण १३५ रुपये लागले, ऑक्टोबरात ४४७. सीपीएम सव्वादोन पटीच्या थोडा वर गेला, माणसामागचा खर्च मात्र तिपटीहून जास्त झाला. मधला फरक फ्रिक्वेन्सीने खाल्ला, कारण महाग झालेली इम्प्रेशन त्याच त्या बायकांवर पुन्हा पुन्हा खर्च झाली. नवीन माणसाला मी नेहमी हे दोन्ही भाव शेजारी शेजारी काढायला सांगतो. नुसता सीपीएम पाहणाऱ्याला हा दुसरा गळका नळ दिसतच नाही.

भाव ठरतो कुठे

हा भाव कोणी कार्यालयात बसून ठरवत नाही. ताईंनी मोबाइल उघडला आणि रील पाहायला लागल्या की मधे जाहिरातीची एक जागा तयार होते, आणि त्या एका जागेसाठी त्याच क्षणी लिलाव होतो. ज्यांना ज्यांना नागपूरच्या चाळिशीतल्या बाईपुढे जायचं आहे ते सगळे त्यात असतात. साडीवाला, सोनार, बँक, फ्लॅट विकणारा, क्रीमची कंपनी, सगळे. आपण कोणी बोली लावत बसत नाही. आपण रोजचं बजेट आणि उद्देश सांगतो, बोली यंत्रणा लावते.

ताईंचं माहेर कळमन्याकडचं. म्हणून त्यांना म्हटलं, कळमना मार्केटमध्ये संत्र्याचा लिलाव तुम्ही पाहिला आहे. माल तेवढाच आला आणि त्या दिवशी व्यापारी दुप्पट आले तर काय होतं? "भाव चढते," त्या लगेच म्हणाल्या. इथेही तेच होतं. दिवाळी आली म्हणून लोक मोबाइल दुप्पट वेळ पाहत नाहीत, त्यामुळे जाहिरातीच्या जागा जवळपास तेवढ्याच राहतात. घेणारे मात्र वाढतात.

एक फरक मात्र आहे आणि तो लहान दुकानदाराच्या फायद्याचा आहे. मंडईत जास्त बोली लावणारा माल घेऊन जातो. इथे बोलीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहिल्या जातात. हा माणूस या जाहिरातीवर काही करेल याची शक्यता किती, आणि जाहिरातीचा दर्जा लोकांच्या मते कसा. लोक जी जाहिरात थांबून पाहतात, जिच्यावरून मेसेज करतात, ती कमी बोलीतही जागा मिळवते. लोक जी लपवतात, जिच्याबद्दल तक्रार करतात, तिला तीच जागा महाग पडते.

मोसमाच्या बाबतीत आपल्या लोकांची एक समजूत नेहमी आड येते. आपण पंचांग पाहून मोसम धरतो. पितृपक्षात कोण साडी घेणार, म्हणून ते दिवस जाहिरातीला स्वस्त असतील असं वाटतं. गिऱ्हाइकाच्या बाजूने ते खरं आहे, लिलावाच्या बाजूने खरं नाही. २०२४ मध्ये देशातल्या दोन मोठ्या ऑनलाइन दुकानांचे सणाचे सेल सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाले, म्हणजे ऐन पितृपक्षात. नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं, दसरा १२ तारखेला झाला, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. या सगळ्या काळात देशभरच्या कंपन्या आपल्या वर्षाच्या बजेटचा मोठा वाटा ओतत होत्या. त्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. उमेदवारांनाही याच शहरातल्या लोकांच्या डोळ्यापुढे जायचं होतं. ताईंची जाहिरात नेमकी या दाटीत चालली. रोजच्या ३०० रुपयांत त्या कोणाकोणाशी टक्कर देत होत्या हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि अहवालात ते दिसतही नाही. तिथे फक्त भाव दिसतो.

दोन कारणं वेगळी करताना

हे सगळं ऐकल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीमुळे झालं." तेव्हा मी त्यांच्या ऑक्टोबरच्या जाहिरातीची ऑडियन्सची, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची त्या निवडीची पाटी उघडली.

जुलैत त्यांनी पूर्ण नागपूर शहर आणि २२ ते ६० वयाच्या स्त्रिया निवडल्या होत्या. ऑक्टोबरात एका ओळखीच्या मुलाने सल्ला दिला होता की "चांगलं गिऱ्हाइक" पकडा. म्हणून वय २८ ते ४५ केलं, नकाशावर धरमपेठ, रामदासपेठ आणि सिव्हिल लाइन्सभोवती लहान वर्तुळं काढली, आणि वर ऑनलाइन खरेदीची आवड असलेल्याच बायका निवडल्या. ऐकायला सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण धरमपेठेतली, पस्तिशीची, ऑनलाइन खरेदी करणारी बाई फक्त ताईंनाच हवी नसते. दागिन्यांच्या पेढीला, बिल्डरला, मुलांच्या क्लासला, विम्याला, सगळ्यांना तीच हवी असते. जिच्याकडे खर्चायला पैसे आहेत आणि जी खर्च करते हे माहीत आहे, तिच्यापुढची जागा बारा महिने महाग असते.

दुसरं कारण कमी बोललं जातं. ऑडियन्स मोठी असली की यंत्रणेला निवडीला वाव असतो. या बाईपुढची जागा आत्ता महाग आहे, तर तिला सोडून त्याच वेळी मनीषनगरात किंवा नंदनवनात कोणी स्वस्तात मिळते का, हे ती पाहते. तीन वर्तुळांत कोंडल्यावर हा वाव जातो. जे समोर येईल ते मिळेल त्या भावाने घ्यावं लागतं, आणि तेच चेहरे परत परत येतात. फ्रिक्वेन्सी ३.२ वर गेली ती यामुळे.

तर भाव वाढवणाऱ्या गोष्टी दोन, आणि दोन्ही एकाच वेळी बदललेल्या. जुलै आणि ऑक्टोबरचे आकडे कितीही वेळा शेजारी ठेवले तरी कोणामुळे किती वाढलं हे त्यातून निघणार नव्हतं. त्यासाठी एकाच आठवड्यात दोन्ही ऑडियन्स चालवून पाहणं हाच उपाय होता.

२४ ते २७ ऑक्टोबर, चार दिवस, तोच व्हिडिओ, दोन्हीकडे रोज २०० रुपये. एकीकडे जुलैची पूर्ण नागपूरची ऑडियन्स, दुसरीकडे ती तीन वर्तुळांची. हे साध्या दोन ॲड सेटनी, म्हणजे एकाच खात्यात प्रत्येकी वेगळी ऑडियन्स आणि बजेट दिलेल्या दोन गटांनी, केलं नाही, कारण धरमपेठेतली बाई पूर्ण नागपुरातही येतेच. मग एकाच खात्याच्या दोन जाहिराती एकाच बाईसाठी उभ्या राहतात आणि यंत्रणा त्यातली एकच लिलावात पाठवते. आकडे गढूळ होतात. ॲड्स मॅनेजरमध्ये A/B test अशी सोय आहे. ती लोकांचे आधीच दोन गट पाडते, एका गटातल्या माणसाला दुसरी जाहिरात दिसत नाही. ती वापरली.

चार दिवसांनी पूर्ण नागपूरची ८०० रुपयांत ८,३०० इम्प्रेशन झाली, सीपीएम साधारण ९६. तीन वर्तुळांची ८०० रुपयांत ५,६८० झाली, सीपीएम साधारण १४१. दुसरा आकडा आधीच्या पंधरवड्यातल्या १४० ला जवळपास तंतोतंत भिडतो, त्यामुळे मधल्या दिवसांत बाजार फारसा हलला नव्हता असं धरता येतं.

आता हिशोब सरळ झाला. ऑडियन्स तीच ठेवली असती तरी मोसमाने भाव ६० वरून ९६ केला असता. ते ३६ रुपये दिवाळीचे, ते टळणारे नव्हते. ९६ वरून १४० पर्यंतचे ४४ रुपये मात्र ऑडियन्स आवळल्याचे होते, आणि ते ताईंच्या हातातले होते. वाढीतला मोठा वाटा सणाचा नव्हताच.

दर वेळी अशी चाचणी करायला पैसे नसतात. तेव्हा मी आधी एवढंच बघतो की भाव कसा चढला. खात्यातल्या सगळ्या जाहिराती एकाच आठवड्यात एकदम महाग झाल्या तर ते बाहेरच्या बाजाराचं काम. एकच ॲड सेट पहिल्या दिवसापासून महाग असेल तर ऑडियन्सकडे किंवा निवडलेल्या उद्देशाकडे पाहायचं. आणि एकच ॲड सेट आधी ठीक होता, मग दिवसागणिक थोडा थोडा चढत गेला, सोबत फ्रिक्वेन्सी चढली आणि बोट ठेवणाऱ्यांचं प्रमाण उतरलं, तर लोक तो व्हिडिओ पाहून कंटाळले. ताईंचा भाव पहिल्याच दिवसापासून १४० च्या आसपास होता. म्हणून नवा व्हिडिओ करण्याचा त्यांचा बेत तेव्हा थांबवला.

महाग म्हणजे वाईट नाही

यानंतर ताईंचा झुकाव साहजिकच दुसऱ्या टोकाला गेला. मग सगळ्यात स्वस्त सीपीएम मिळेल अशीच जाहिरात लावू, म्हणाल्या. ते त्यांनी ऑगस्टमध्ये एकदा करूनही पाहिलं होतं. पूर्ण महाराष्ट्र, १८ ते ६५ वय, स्त्री-पुरुष दोन्ही. सीपीएम २८ रुपये. मेसेज बरेच आले, जवळजवळ सगळे "प्राइस?" एवढेच, आणि साडी एकीनेही घेतली नाही. त्या जाहिरातीच्या आकड्यांची फोड, म्हणजे Breakdown, उघडून ती कुठल्या जागी दिसली ते, म्हणजे Placement, पाहिलं तर बरीच इम्प्रेशन फेसबुक-इन्स्टाग्रामच्या बाहेर, दुसऱ्या ॲपांमध्ये झाली होती. गेम खेळताना मधे येणारी जाहिरात बंद करायला गेलेलं बोटही कधी तिच्यावर पडतं. त्या जागा स्वस्त असतात कारण त्या फारशा कोणाला नको असतात.

म्हणून शेवटचा रकाना मेसेजचा घेतला. जुलैत ६० च्या सीपीएमला ४,२०० रुपयांत ३५ जणींनी व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू केलं, म्हणजे एका मेसेजमागे १२० रुपये. त्यातल्या ४ जणींनी साडी घेतली. ऑक्टोबरात, भाव १४० असताना, तेवढ्याच पैशांत ४२ मेसेज आले, एकामागे १०० रुपये. साडी घेणाऱ्या ८. म्हणजे दिसणं निम्म्याहून कमी झालं, माणसं तिसऱ्या हिश्शावर आली, आणि विक्री दुप्पट झाली. एका विकलेल्या साडीमागे जुलैत १,०५० रुपये जाहिरातीला गेले होते, ऑक्टोबरात ५२५. करवत काठीमागे ताईंना साधारण ११०० रुपये सुटतात. जुलैची "स्वस्त" जाहिरात कशीबशी पैसे काढत होती, दिवाळीची "महाग" जाहिरात कमवत होती.

याचं कारण तेच आहे ज्यामुळे भाव चढतो. दिवाळीत सगळे जाहिरात लावतात कारण लोक घ्यायच्याच तयारीत असतात. आषाढात बायका साडी पाहतात, आवडली तर ठेवून देतात. ताईंना हे गिऱ्हाइकांच्या वागण्यातून पक्कं माहीत होतं, पण मोबाइलवरच्या आकड्यांशी त्यांनी ते कधी जोडलं नव्हतं.

यावरून तीन वर्तुळांची महाग ऑडियन्सच चांगली होती असं म्हणता येईल का? चार दिवसांच्या चाचणीत तिथून ९ मेसेज आले, पूर्ण नागपुरातून ६. एवढ्याशा आकड्यांवर निवाडा करता येत नाही. एखाद्या बाईने बहिणीला सांगितलं आणि दोघींनी मेसेज केला, एवढ्यानेही हा फरक पडतो. सीपीएम हजारो इम्प्रेशनवर निघतो म्हणून चार दिवसांतही तो भरवशाचा असतो. मेसेज आणि विक्रीचा हिशोब मात्र पंधरवडाभर चालल्याशिवाय मी धरत नाही, आणि ताईंनाही धरू दिला नाही.

जानेवारीचा स्वस्त मोसम

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढे घडलं. ताईंना विचारलं, दिवाळी सोडून तुमच्याकडे गर्दी कधी असते? त्या म्हणाल्या, संक्रांतीला. काळी साडी घेणाऱ्या असतात, आणि संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला नेसायला नवं हवं असतं.

लिलावाच्या बाजूने जानेवारीचा पहिला पंधरवडा बहुधा उताराचा असतो. दिवाळीचा आणि वर्षअखेरीचा खर्च आटोपलेला असतो, नव्या वर्षाचं बजेट कंपन्यांनी अजून पूर्ण उघडलेलं नसतं. महिन्याच्या मध्यापासून प्रजासत्ताक दिनाचे सेल सुरू होतात तेव्हा थोडी हालचाल होते, पण दिवाळीची दाटी नसते. हळदीकुंकू देशभर नाही, ते आपल्याकडचं. दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत बसून देशभरच्या जाहिराती ठरवणारे बहुतेक जण त्यासाठी वेगळे पैसे काढून ठेवत नाहीत. म्हणजे नागपूरची बाई साडी घ्यायच्या तयारीत आणि तिच्यापुढची जागा रिकामी, असे ते दिवस असतात.

२०२५ मध्ये संक्रांत १४ जानेवारीला होती, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. आम्ही जाहिरात २ जानेवारीला लावली, कारण ब्लाउज शिवायला शिंप्याकडे आठवडा जातोच आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी साडी पाहून उपयोग नाही. पूर्ण नागपूर, २५ ते ६० वयाच्या स्त्रिया, आवडीनिवडीची अट नाही. जाहिरातीच्या जागांमधून बाहेरची ॲपं काढून टाकली. व्हिडिओ नवा केला, काळ्या टसरचा, ज्यात ताई स्वतः काठ उलगडून दाखवतात. रोजचे २५० रुपये, चौदा दिवस, ३,५०० रुपये.

इम्प्रेशन ५४,७०० झाली, सीपीएम ६४. रीच २१,९००, म्हणजे प्रत्येकीला अडीच वेळा. हजार माणसांमागे १६० रुपये. मेसेज ५० आले, एकामागे ७० रुपये, आणि ११ साड्या गेल्या, एका साडीमागे साधारण ३१८ रुपये. यातला किती वाटा स्वस्त भावाचा, किती नव्या व्हिडिओचा आणि किती संक्रांतीचा, हे या आकड्यांतून वेगळं करता येत नाही. एवढं मात्र कळतं की जुलैच्या भावात दिवाळीपेक्षा चांगली विक्री झाली.

पुढच्या वर्षाच्या खर्चाची वाटणी ताईंनी त्याच टेबलावर बसून केली. आषाढातली जाहिरात काढून टाकली. ते पैसे जानेवारीला जोडले. दिवाळीला रोजचं बजेट ३०० वरून ४५० केलं, कारण ३०० रुपयांत ९६ च्या भावाने जुलैएवढ्या लोकांपर्यंत पोचता येत नाही हे आता त्यांना स्वतःलाच भागाकार करून काढता येत होतं. आणि वहीत रीचच्या रकान्याखाली बेरजेची रेघ मारणं थांबवून तिथे नवा रकाना आखला: पूर्ण पंधरवड्याचा रीच, एकदाच, शेवटच्या दिवशी.